गाडीच्या दाराला कुठे काय मारायचं: बिजागरी, कुलूप आणि रबर

पावसाळा सरला की साताऱ्यात स्पेअर पार्टच्या काउंटरवर तीच मागणी सुरू होते. "दार करकरतंय, काच अडकतेय, किल्ली फिरत नाही. तो गंजाचा स्प्रे द्या." माणूस डबा घेऊन जातो आणि बिजागरीपासून रबरापर्यंत सगळीकडे मारतो. आठवडाभर दार गप्प राहतं, मग आवाज परत येतो. हेच वर्षभर चाललं तर दाराची बीडिंग, म्हणजे कडेची रबरी पट्टी, फुगून खाचेतून बाहेर यायला लागते. डब्यावर 'मल्टिपर्पज' लिहिलेलं असल्यावर कोणीही सगळीकडेच मारणार. म्हणून कुठे काय मारायचं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोणत्या क्रमाने, ते इथे लिहितो.

उदाहरणाला ड्रायव्हरचं एकच दार घेतलं आहे, कारण बिजागरी, कुलूप, लॅच आणि रबर हे सगळं तिथे हातभर अंतरात सापडतं. गाडी सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्यांची. रोजचं जाणं-येणं सांगली-तासगाव, त्यात उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागची धूळ, आणि गाडी बाराही महिने उघड्यावर. दार उघडताना करकर, काच वर येताना अर्ध्यात दमते, किल्ली आत जाते पण फिरत नाही, आणि बीडिंगची खालची कड लोंबते. हे सगळं एकाच डब्याने 'सांभाळलेलं' होतं.

## दोन डब्यांत काय असतं: मल्टिपर्पज आणि सिलिकॉन

मल्टिपर्पज स्प्रे ऑइलमध्ये रॉकेलच्या जातीचं पातळ द्रावक जास्त आणि खनिज तेल थोडं असतं. द्रावक बारीक फटीत शिरतं, पाणी बाहेर ढकलतं, गंज आणि जुनं ग्रीस सैल करतं. मग ते उडून जातं आणि मागे तेलाचा पातळ थर उरतो. अडकलेला नट सोडवायला, भिजलेला भाग कोरडा करायला, काळं झालेलं ग्रीस धुवायला याच्यासारखं दुसरं काही नाही. पण उरलेला थर इतका पातळ असतो की दाराच्या वजनाखाली तो फार दिवस टिकत नाही. शिवाय तो ओलसर राहतो, त्यामुळे धूळ धरतो.

रबराची गोष्ट वेगळी आहे. गाडीच्या दाराची बीडिंग बहुतेक करून ईपीडीएम नावाच्या रबराची असते. ऊन-पाऊस हे रबर वर्षानुवर्षं सोसतं, पण खनिज तेल मात्र शोषून घेतं. तेल मुरलं की रबर फुगतं आणि मऊ पडतं. एकदा चुकून उडालं तर घाबरायचं कारण नाही, लगेच पुसून साबणाच्या पाण्याने धुतलं की झालं. नुकसान होतं ते दर महिन्याच्या फवाऱ्याने. खात्री करायची असेल तर जुन्या बीडिंगचे बोटभर लांबीचे दोन तुकडे कापा. एक खनिज तेलात बुडवून ठेवा, दुसरा तसाच कोरडा ठेवा आणि आठवड्याने शेजारी शेजारी धरून बघा. तेलातला तुकडा जाड झालेला दिसतो आणि चिमटीत धरला की बुळबुळीत, लिबलिबीत लागतो.

सिलिकॉन स्प्रेमधलं तेल ईपीडीएममध्ये मुरत नाही. ते वरच्या वर पातळ थर धरतं, पाणी झटकतं आणि रबराला काचेवर किंवा पत्र्यावर चिकटू देत नाही. रबरावर आणि प्लास्टिकवर याचं काम उत्तम. लोखंडावर लोखंड घासतं तिथे मात्र हा थर वजनाखाली तुटतो. त्यामुळे बिजागरीवर सिलिकॉन मारलं की आवाज थोड्या दिवसांपुरताच थांबतो.

थोडक्यात, एक डबा साफसफाईचा आहे आणि दुसरा रबराचा. बिजागरीला ग्रीस लागतं आणि कुलपाला कोरडं वंगण. या दोन वस्तू घरात नसतात, म्हणून सगळा भार त्या एका डब्यावर पडतो.

## १. तयारी

हे सामान जवळ ठेवा:

- मल्टिपर्पज स्प्रे ऑइल आणि सिलिकॉन स्प्रे. दोन्हींच्या बारीक नळ्या सांभाळून ठेवा.
- पांढरं लिथियम ग्रीस. ट्यूबमधलं चालतं, स्प्रेमधलंही चालतं.
- कुलपासाठी ग्राफाइटची पूड किंवा पीटीएफईचा कोरडा स्प्रे.
- चार-पाच सुती फडकी, जुना दातब्रश, प्लास्टिकची पातळ पट्टी, गाडी धुवायचा शाम्पू.

एकाच कंपनीचे डबे बऱ्याचदा रंगाला आणि आकाराला सारखेच असतात. दुकानातून उठण्याआधी डब्यावर 'सिलिकॉन' शब्द आहे ना, आणि 'रबरासाठी' असं लिहिलंय ना, ते वाचून घ्या. काही सिलिकॉन स्प्रेंमध्येही सिलिकॉन पसरवण्यासाठी पेट्रोलियमचं द्रावक घातलेलं असतं. ते लवकर उडतं, पण अशा डब्याने रबर भिजेपर्यंत फवारायचं नाही.

काम सकाळी, सावलीत आणि उघड्यावर करा. तापलेल्या पत्र्यावर द्रावक पसरण्याआधीच उडून जातं. दोन्ही डब्यांतला वायू आणि द्रावक पेट घेतात, त्यामुळे जवळ बिडी-सिगारेट, गॅस, निरांजन काही नको.

सावधान: गाडीचं डेंटिंग-पेंटिंग जवळ आलं असेल तर सिलिकॉनला हात लावू नका. पत्र्यावर त्याचा अंशही राहिला तर नवा रंग तिथे धरत नाही, रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. आधीच मारलेलं असेल तर पेंटरला तसं सांगा, म्हणजे तो घासकाम सुरू करण्याआधी पत्रा योग्य द्रावकाने पुसून घेईल.

## २. आधी धुणं, मग सुकवणं

निम्म्या चुका इथेच होतात. धुळीवर वंगण मारलं की धूळ आणि तेल मिळून घासायची पेस्ट तयार होते, आणि दार उघडलं-मिटलं की तीच बिजागरी झिजवते.

बादलीभर पाण्यात थोडा शाम्पू घालून बीडिंग, दाराच्या कडा आणि चौकट फडक्याने पुसून घ्या. बीडिंगची घडी बोटाने उलटी करून आत पाहा. या गाडीत तिथून काळपट चिखलाची वळी निघाली, वर्षभराची धूळ आणि तेल एकत्र मळलेलं. रॉकेल, पेट्रोल किंवा थिनरने रबर पुसायचं नाही. तेही पेट्रोलियमच.

दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोकं असतात. काडीने ती मोकळी करा. ती बुजली की पावसाचं पाणी दारात साचतं, आणि मग कुलूप आतून गंजतं. ते वंगणाने थांबत नाही.

पुसून झालं की दार उघडं ठेवून तासभर सुकू द्या.

तपासा: पांढरं फडकं बीडिंगवर घासा. त्यावर काळं उमटत असेल तर अजून एकदा धुवा.

## ३. बिजागरी आणि दाराचा स्टॉपर

लोखंडाचं काम आधी आणि रबराचं शेवटी. स्प्रे ऑइल कितीही जपून मारलं तरी थोडं उडतंच. रबराला आधी सिलिकॉन लावून ठेवलं तर त्यावर तेल बसतं आणि सगळं पुन्हा धुवावं लागतं.

गाडीच्या दाराला वर-खाली दोन बिजागऱ्या असतात. जवळच्या बीडिंगवर कोरडं फडकं टाका. नळी लावून पिनेच्या वरच्या टोकाशी स्प्रे ऑइल एक-दोन सेकंदच मारा, खाली फडकं धरा. दार आठ-दहा वेळा हलवा. खालच्या बाजूने तांबूस-काळं पाणी उतरायला लागेल. ते पुसा, पुन्हा मारा. उतरणारं तेल स्वच्छ दिसेपर्यंत हेच करायचं. या गाडीच्या खालच्या बिजागरीला तीनदा धुवावं लागलं, कारण चाकाने उडवलेला चिखल तिथेच बसतो.

लोक इथेच थांबतात. दार गप्प झालेलं असतं, म्हणून काम झालं असं वाटतं. खरं तर बिजागरी आता फक्त धुतली गेली आहे, तिच्यातलं जुनं ग्रीसही निघून गेलं आहे. अशीच सोडली तर आधीपेक्षा लवकर झिजेल. पंधरा-वीस मिनिटं थांबून द्रावक उडू द्या, पुसा, मग पिनेच्या दोन्ही टोकांशी तुरीच्या दाण्याएवढं लिथियम ग्रीस लावा. स्प्रेमधलं असेल तर नळीने एक सेकंद. दार पुन्हा दहा-पंधरा वेळा हलवून ग्रीस आत जाऊ द्या आणि बाहेर आलेलं पुसून टाका. बाहेर राहिलेलं ग्रीस नुसती धूळ गोळा करतं, आणि पँटला डाग पाडतं ते वेगळंच.

दोन बिजागऱ्यांच्या मध्ये दार टप्प्याटप्प्याने अडवणारी पट्टी असते, मेकॅनिक तिला स्टॉपर म्हणतात. दार उघडताना कट-कट आवाज येतो तो बऱ्याचदा तिचा असतो आणि लोक बिजागरीला दोष देतात. पट्टी पुसून दोन्ही बाजूंना ग्रीसचा पातळ हात द्या.

तपासा: दार अर्धं उघडून बाहेरच्या कडेला धरा आणि हलकेच वर उचला. खडखड जाणवली तर पिन किंवा बुश झिजलाय. आवाज वंगणाने दबेल, पण दार खाली बसतच राहील आणि बीडिंग एका बाजूला दाबली जाईल. ते काम गॅरेजचं.

घराच्या दारालाही हाच क्रम लागू आहे, फक्त तिथे पिन निघणारी असेल तर ती एकेक करून काढून पुसायची, ग्रीस लावायचं आणि परत बसवायची. जावळी-महाबळेश्वरकडच्या पावसात लाकडी दार फुगून चौकटीला घासतं, त्या आवाजाचा बिजागरीशी संबंध नाही. तिथे रंधाच लागतो.

## ४. लॅच

दाराच्या मागच्या कडेला जो आकडा असतो तो लॅच. चौकटीवरच्या जाड लोखंडी कडीला तो पकडतो. स्प्रे ऑइलने आणि ब्रशने जुनं ग्रीस काढा, पुसा, फिरणाऱ्या भागावर थोडं ग्रीस लावा आणि बाहेरच्या हँडलने तो हलवून बघा. कडीलाही ग्रीसचा पुसट हात पुरे.

सावधान: आत ग्रीस पोचवायला काही जण स्क्रूड्रायव्हरने लॅच मिटवतात. तसं केलं तर दार लावण्याआधी हँडल ओढून तो उघडा. मिटलेला लॅच कडीवर आदळला तर दोन्ही वाकतात. मागच्या दारांवर लॅचशेजारी चाइल्ड लॉकची बारीक कळ असते. फडकं लागून ती सरकली की दार आतून उघडत नाही, तेव्हा काम झाल्यावर ती जागेवर आहे ना ते पाहा.

## ५. किल्लीचं कुलूप

रिमोट आल्यापासून किल्ली दाराला लावायची वेळच येत नाही. मग एक दिवस बॅटरी बसते आणि त्या दिवशी कुलूप फिरत नाही. आतमध्ये पातळ पितळी पट्ट्या आणि केसाएवढ्या स्प्रिंगा असतात. किल्ली घातली की पट्ट्या ठरलेल्या उंचीवर येतात, तेव्हाच सिलिंडर फिरतो. तेल आणि धूळ यांचा चिकटा झाला की एखादी पट्टी खाली येतच नाही. म्हणून 'अजून थोडं तेल घालू' हा उपाय इथे उलटा पडतो.

जाम झालेल्या कुलपात स्प्रे ऑइल मारायचं ते फक्त धुण्यासाठी. भोकाखाली फडकं धरा, नळीने छोटा फवारा द्या, किल्ली सावकाश आत-बाहेर करा, प्रत्येक वेळी बाहेर काढून पुसा. या गाडीत पहिल्यांदा किल्लीच्या खाचांमध्ये काळं-सोनेरी लोणी आलं. तो झिजलेल्या पितळेचा चुरा. किल्ली स्वच्छ बाहेर यायला लागेपर्यंत धुतलं आणि मग कुठे सिलिंडर फिरला.

सावधान: किल्ली फिरत नसेल तर पक्कड लावू नका. किल्ली आत तुटली की वंगणाचा प्रश्न कुलूपवाल्याचा होतो.

धुऊन झाल्यावर रात्रभर सुकू द्या. ही पायरी गाळली तर पुढचं सगळं वाया जातं, कारण ओल्या तेलावर ग्राफाइट टाकलं की काळा चिखल होतो आणि कुलूप पुन्हा जाम. दुसऱ्या दिवशी ग्राफाइटची पूड चिमूटभरच फुंका किंवा पीटीएफई स्प्रे एकदाच मारा. दोन्ही एकत्र नको. हे काहीच हाताशी नसेल तर ४बी किंवा ६बी पेन्सिल किल्लीच्या दोन्ही बाजूंना घासून किल्ली पाच-सात वेळा आत-बाहेर करा, वेळ निभावते. स्वच्छ कुलपात सिलिकॉनचा हलका फवारा तेलापेक्षा बरा, पण पहिली पसंती त्याला नाही.

यातलं काहीही स्टिअरिंगजवळच्या इग्निशनमध्ये घालू नका. त्याच्या मागे विजेची जोडणी असते आणि ग्राफाइटमधून वीज जाते.

तपासा: रिमोटला हात न लावता दार किल्लीने तीनदा लावा, तीनदा उघडा. यापुढे महिन्यातून एकदा तरी दार किल्लीने उघडत जा.

## ६. बीडिंग

आता सिलिकॉनची पाळी. स्प्रे रबरावर थेट मारायचा नाही, फडक्यावर मारायचा. फडकं ओलसर झालं की बीडिंगवरून एकाच दिशेने फिरवा, घडीच्या आतही. पाच-दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने जादाचं पुसा. रबर काळं आणि कोरडं दिसलं पाहिजे. बोटाला ओलं लागत असेल तर जास्त झालंय.

थेट फवारलं तर ते सीटवर, काचेवर, पेडलवर आणि पायाखालच्या मॅटवर जातं. पुढच्या काचेवर बसलेलं सिलिकॉन पावसात वायपरखाली धुकट फराटे काढतं आणि पेडलवरून पाय सटकतो. फरशीवर पडलं तर घरातलं माणूस घसरून पडेल. सांडलं तर डिटर्जंटने दोनदा धुवा.

सिलिकॉनने चांगलं रबर चांगलं राहतं. फाटलेलं, कडक होऊन चिरलेलं किंवा फुगलेलं रबर त्याने पूर्वीसारखं होत नाही. या गाडीची खालची कड धुऊन, दाबून, दोन दिवस सुकवूनही लांबीला जास्तच भरत होती, क्लिपांमध्ये नागमोडी यायची. ती कापून आखूड करायचा मोह होतो, पण जोडातून पाणी आत येतं. त्या दाराची बीडिंग नवी घातली, बाकीची तीन दारं धुऊन सिलिकॉनवर भागली.

फ्रिजच्या दाराचं गॅस्केट बहुधा पीव्हीसीचं असतं आणि शेजारी अन्न असतं. तिथे कोमट साबणाचं पाणीच वापरा.

## ७. काचेची खाच

काच ज्या रबरी खाचेतून वर-खाली होते तिथे सिलिकॉनचा फरक सर्वांत जास्त कळतो. काच पूर्ण खाली घ्या. प्लास्टिकच्या पट्टीला ओलं फडकं गुंडाळून पुढची-मागची खाच वरपासून जमेल तितकी खोल पुसा, मग कोरड्या फडक्याने पुसा. इथे नळी चालते. दोन्ही उभ्या खाचांत वरून खाली एकेकच फवारा द्या. काच चार-पाच वेळा वर-खाली करा आणि काचेच्या कडेला आलेला ओघळ साबणाच्या पाण्याने पुसा.

इथे स्प्रे ऑइल मारलं तर पहिल्या दिवशी काच सुळकन वर जाते. नंतर तेलावर धूळ बसते, खाच जड होते, काचेवर उभे ओरखडे पडतात आणि मोटरवर ताण येतो. आपल्या उदाहरणातली काच अर्ध्यात दमायची ती यामुळेच. खाच तीनदा पुसून एक फवारा दिल्यावर ती न थांबता वर गेली. स्वच्छ खाचेतही काच तिरकी होत असेल किंवा दारातून खरखर येत असेल तर दोष आतल्या यंत्रणेत आहे, तिथे स्प्रे थांबवा.

## ८. शेवटची तपासणी

वहीचा कागद बोटभर रुंद फाडा. तो बीडिंग आणि चौकटीच्या मध्ये धरून दार लावा आणि हळू ओढा. कागद अडखळत निघाला पाहिजे. सगळ्या बाजूंनी वीतभर अंतरावर असं करत जा. जिथे तो सरकन सुटतो तिथे बीडिंग चपटी झालीय किंवा दार खाली बसलंय, आणि पावसाचं पाणी तिथूनच येईल.

पंधरा दिवसांनी दार एकदा उघडून पाहा. बिजागरीवरून ओघळ आला असेल तर ग्रीस जास्त झालं होतं, पुसा. आवाज परत आला असेल तर पिन नीट धुतली गेली नव्हती, तिसऱ्या पायरीपासून पुन्हा. एरवी सिलिकॉन वर्षातून दोनदा पुरतं, मे महिन्यात पावसाच्या तोंडावर आणि ऑक्टोबरात. बिजागरीचं ग्रीस वर्षातून एकदा. धुळीच्या रस्त्यावरच्या गाडीची काचेची खाच मात्र हंगाम संपल्यावर आणखी एकदा पुसून घ्या.

डबे गाडीत ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीत आतलं तापमान ५० अंशांच्या पुढे जातं, आणि नेमक्या त्याच तापमानापासून जपायचा इशारा डब्यावर छापलेला असतो. रिकामा डबा भोक पाडून किंवा जाळून टाकू नका.